वीस सेकंदांचे कार्यालयीन प्रहसन
मोबाइलच्या पडद्यासाठी लिहिलेला, कचेरीत घडणारा एकाच प्रसंगाचा विनोदी संवाद. विराम धरता यात वीस-पंचवीस शब्दच आरामात बसतात. म्हणून पात्र ओळख न देता कळावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला सातबाऱ्यासाठी हेलपाटे सांगावे लागत नाहीत. पारनेरच्या कचेरीत कल्पिलेला हा नमुना पाहा :

शेतकरी : भाऊसाहेब, सातबारा पाहिजे.
कारकून : सर्व्हर बंद.
शेतकरी : मग फेरफार?
कारकून : प्रिंटर बंद.
शेतकरी : मग साहेबांना भेटतो.
कारकून : केबिन बंद.
शेतकरी : मग चालू काय हाय?
कारकून (डबा उघडत) : जेवणाची सुट्टी.

पहिल्या दोन वाक्यांत, साधारण चार सेकंदांत, मांडणी संपते. पुढचे दोन नकार चढण घेतात : यंत्रापासून सुरुवात होऊन अडथळा साहेबांच्या दारापर्यंत पोहोचतो. ‘बंद’ तीनदा पुरे. दोनदा म्हटले तर सवय लागत नाही, चौथ्यांदा म्हटले तर प्रेक्षक पुढे निघून जातो. शेतकऱ्याचा ‘चालू’ हा शब्द ती सवय उलटवतो आणि कलाटणी उत्तराच्या अगदी शेवटी येते.

हे प्रहसन बहुधा डब्यामुळे फसते. तो सुरुवातीपासून टेबलावर दिसला तर शेवट आधीच फुटतो. तो खणातूनच निघायला हवा. दुसरी चूक कारकुनाला चिडका करण्याची. त्याने तिन्ही नकार एकाच शांत सुरात द्यावेत, आवाज फक्त शेतकऱ्याचा चढावा. शेवटच्या शब्दानंतर एक सेकंद शेतकऱ्याचा चेहरा दाखवून चित्रण तोडावे.