दगड, रेघ आणि मीठ

नदी समुद्राला मिळते तिथे पाणी कुठेच तुटत नाही. भरतीला खारं पाणी वर चढतं, ओहोटीला गोडं पाणी खाली उतरतं, आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही एकमेकांत मुरतात. तरीही 'नदी इथे संपली' असं कुणीतरी ठरवतंच, कारण तिथून कुणाचा तरी हक्क सुरू होतो किंवा संपतो. हे ठरवण्याच्या रीतीला मोठा इतिहास आहे. आधी ते दगडानं ठरलं, मग रेघेनं, आणि आता मिठानं.

दगडाची गोष्ट लंडनची. ११९७ मध्ये राजा पहिल्या रिचर्डनं थेम्स नदीवरचे हक्क लंडन शहराला विकले. त्यामुळे नदीतली मासेमारी आणि जहाजांची ये-जा यांवर शहराची सत्ता आली. पण सत्ता कुठवर? त्यासाठी नदीच्या मुखाकडे दोन्ही काठांवर खुणेचे दगड उभे राहिले. केंटच्या बाजूला यांटलेट ओढ्यापाशी लंडन स्टोन आणि एसेक्सच्या बाजूला साउथएंडजवळ क्रो स्टोन. या दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या आत शहराचा हुकूम चाले, बाहेर नाही. ही सीमा विसरली जाऊ नये म्हणून शहराचे पदाधिकारी लवाजम्यासह बोटीनं तिथवर जात आणि दगडांवर नावंही कोरली जात. रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे पाणी तसंच गढूळ, तसंच खारट होतं. दगडानं पाण्याविषयी काहीच सांगितलं नव्हतं. त्यानं फक्त वसुली कुठवर, हे सांगितलं होतं. १८५७ मध्ये नदीचा कारभार शहराकडून वेगळ्या मंडळाकडे गेला आणि दगड नुसते स्मारक उरले.

विसाव्या शतकात प्रश्न शहरांचा राहिला नाही, देशांचा झाला. किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापर्यंतचा समुद्र त्या देशाचा, हे मान्य झालं होतं. पण ते अंतर मोजायचं कुठून? किनारा सरळ असेल तर ओहोटीच्या रेषेपासून. नदीच्या मुखाशी मात्र ही रेषा आत वळते आणि कितीही आत जाऊ शकते. १९५८ च्या जिनिव्हा करारात यावर एका वाक्याचं कलम आलं. नदी थेट समुद्राला मिळत असेल, तर तिच्या दोन्ही काठांवरच्या ओहोटी-रेषेवरचे बिंदू जोडणारी सरळ रेघ ओढायची आणि तिथून समुद्र मोजायचा. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातही ही तरतूद कायम राहिली.

मसुद्यात या कलमाला आणखी एक भाग होता. नदी रुंद खाडीमुखातून समुद्राला मिळत असेल, तर त्या मुखाला उपसागराचा नियम लावावा, असं त्यात म्हटलं होतं. खाडीमुख कशाला म्हणायचं हेच नेमकं सांगता येईना, म्हणून तो भाग गळला. 'थेट' हा शब्द मात्र राहिला, आणि थेट नसलेल्या नद्यांचं काय करायचं हा प्रश्नही.

त्या मोकळ्या जागेत दक्षिण अमेरिकेतली ला प्लाता नदी शिरली. पाराना आणि उरुग्वाय या नद्यांच्या संगमानंतर तिचं पात्र समुद्राकडे कर्ण्यासारखं उघडत जातं. एका काठावर अर्जेंटिना, दुसऱ्यावर उरुग्वाय. १५१६ मध्ये तिथे पोहोचलेल्या स्पॅनिश खलाशांनी तिला 'गोडा समुद्र' म्हटलं होतं, कारण समोरचा काठ दिसत नव्हता आणि पाणी तर पिता येत होतं. ३० जानेवारी १९६१ रोजी दोन्ही देशांनी संयुक्त घोषणा केली की हे सगळं पाणी नदीच आहे. तिचा शेवट म्हणून उरुग्वायमधलं पुंता देल एस्ते आणि अर्जेंटिनातलं सान आंतोनियो भूशिर यांना जोडणारी रेघ ठरवली. तिची लांबी सुमारे २१९ किलोमीटर.

एवढी लांब रेघ कशी चालली? उपसागराच्या मुखावर रेघ ओढायची तर ती २४ सागरी मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ४४ किलोमीटरपेक्षा, लांब असता कामा नये, आणि उपसागराचा सगळा किनारा एकाच देशाचा हवा. ला प्लाता दोन्ही कसोट्यांवर नापास होते. नदीच्या कलमात मात्र लांबीची मर्यादाच नाही. म्हणजे या पाण्याला उपसागर म्हटलं, तर दोन्ही काठांलगतचे पट्टे सोडून मधलं बरंचसं पाणी सगळ्या जगाला खुलं. नदी म्हटलं, तर ते सगळं त्या दोन देशांचं. अमेरिका आणि ब्रिटन यांनी या घोषणेला हरकत घेतली ती याच कारणानं. पण दोन्ही शेजारी एकमतानं उभे होते, आणि १९७३ च्या तहात त्यांनी हीच रेघ कायम केली.

पाण्याला विचारलं, तर उत्तर वेगळं येतं. ला प्लातातलं गोडं आणि खारं पाणी साधारण मोंतेविदेओच्या आसपास भिडतं, म्हणजे तहातल्या रेघेच्या बरंच आत. तेही एका जागी थांबत नाही. आग्नेयेकडून जोराचा वारा सुटला की समुद्र आत रेटला जातो, आणि नद्यांना पूर आला की सीमा बाहेर सरकते. दुसऱ्या टोकाला, संगमाशी, पारानाच्या गाळानं त्रिभुज प्रदेश वाढतो आहे आणि नदीच्या डोक्याकडची जमीन पुढे येते आहे. तहातली रेघ यातल्या कशाकडेच पाहत नाही. तंट्याच्या दृष्टीनं हाच तिचा गुण, कारण सरकती रेघ दोन देशांना रोज नवा वाद देईल.

मात्र किनाऱ्यावर बांधकाम कुठवर रोखायचं, हे ठरवताना अशी स्थिर रेघ कामाची नाही. तिथे समुद्राचा प्रभाव खरोखर कुठवर पोहोचतो हेच पाहावं लागतं. भारताच्या २०११ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनं त्यासाठी मिठाची कसोटी लावली. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात नदीच्या पाण्यात हजार भागांत पाच भाग क्षार जिथवर सापडतात, तिथवर भरतीचा प्रभाव मानायचा आणि तिथवरच्या काठांना किनाऱ्याचे नियम लावायचे. समुद्राच्या पाण्यात हजारात सुमारे पस्तीस भाग क्षार असतात, म्हणजे ही कसोटी त्याच्या सातव्या हिश्शाची. कोरडा काळ धरण्यामागचं कारण सरळ आहे. पावसाळ्यात नदी समुद्राला खाली ढकलते, तर एप्रिल-मेमध्ये गोडं पाणी आटतं आणि मीठ सर्वांत वर चढतं. मोजताना मात्र सावध राहावं लागतं. खारं पाणी जड असल्यानं तळाशी सरपटत वर येतं. म्हणून एकाच जागी पृष्ठभागाचा नमुना 'नदी' म्हणतो आणि तळाचा 'समुद्र'. ओहोटीला घेतलेला नमुनाही भरतीच्या नमुन्याशी जुळत नाही. शिवाय भरतीनं पाण्याची पातळी जिथवर हलते ती जागा मिठाच्या कितीतरी वर असू शकते.

कोकणात या कसोटीला आणखी एक पेच पडतो, तो वाशिष्ठीवर. चिपळूणच्या खाली हीच नदी दाभोळची खाडी होते. सह्याद्रीतून उतरणाऱ्या इतर नद्या उन्हाळ्यात बारीक धारेवर येतात. वाशिष्ठीत मात्र १९६२ पासून कोयनेचं पाणी येतं. धरणातलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून, वीज तयार करून या नदीत सोडलं जातं. कृष्णा पाणीवाटप लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. तेवढं पाणी वर्षभर सारखं वाटलं, तर सेकंदाला सुमारे साठ हजार लिटर होतं. पूर्वेकडे कृष्णेला मिळणाऱ्या नदीचं हे पाणी ऐन उन्हाळ्यात दाभोळच्या खाडीतलं मीठ खाली दाबून धरतं. त्यामुळे वाशिष्ठीचा 'सर्वांत कोरडा काळ' नुसत्या पावसावर ठरत नाही. त्या दिवसांत किती जनित्रं चालली, यावरही तो ठरतो. विजेची निर्मिती कमी झाली की मीठ वर चढायला वाव मिळतो, वाढली की खाली उतरतं. म्हणून इथे मिठाची रेघ आखणाऱ्यानं नमुन्याच्या बाटलीवर भरतीच्या वेळेशेजारी कोयनेच्या विसर्गाचाही आकडा लिहायला हवा. तो नसेल, तर नकाशावर नदीचा शेवट म्हणून त्या आठवड्यातली विजेची मागणीच उमटलेली असेल.