कानात थेंब टाकण्याची बरोबर पद्धत : बाटली कोमट का करायची, डोकं कसं ठेवायचं आणि किती वेळ पडून राहायचं?

कान दुखतोय, गच्च झालाय किंवा वाहतोय म्हणून डॉक्टर थेंब लिहून देतात. घरी आल्यावर बऱ्याच ठिकाणी काय होतं? माणूस खुर्चीत बसतो, मान थोडी कलती करतो, कोणीतरी दोन-चार थेंब टाकतं आणि तो लगेच उठून गोठ्याकडे जातो. औषध गालावरून ओघळून शर्टाच्या कॉलरला लागतं. चार दिवसांनी फरक पडला नाही की दोष डॉक्टरला किंवा मेडिकलवाल्याला. खरं तर औषध जिथं पोचायला हवं तिथं पोचलेलंच नसतं.

मोठ्या माणसाच्या कानाच्या भोकापासून आतल्या पडद्यापर्यंतची नळी साधारण अडीच सेंटीमीटर, म्हणजे एक इंच लांब असते. ती सरळ नसून आत जाताना वळण घेते. एक थेंब म्हणजे साधारण एक मिलिलीटरचा विसावा भाग. चार थेंब टाकले तरी नळीचा थोडाच भाग भरतो. एवढंसं औषध वळणातून तळापर्यंत जायचं तर बाटली कोमट हवी, कान बरोबर धरलेला हवा आणि वेळ द्यायला हवा.

आधी बाटली मुठीत धरा

गार थेंब कानात पडला की अनेकांना गरगरतं. घर फिरल्यासारखं वाटतं, मळमळतं. याला अशक्तपणा कारण नसतो. पडद्याच्या आत, कानाच्या खोल भागात तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि त्यात द्रव भरलेला असतो. बाहेरून गार किंवा गरम काही गेलं की तो द्रव हलतो आणि डोकं स्थिर असूनही मेंदूला वाटतं की आपण फिरतोय. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांच्या हे रुग्णांचे कान पाण्यानं धुताना लक्षात आलं. गार पाण्यानं चक्कर येते म्हणून पाणी जास्त गरम केलं, तर त्यानंही चक्कर आली. पाणी अंगाच्या तापमानाइतकं असलं की त्रास होत नव्हता. कानातल्या तोलाच्या या अभ्यासासाठी त्यांना १९१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्याला यातून एवढंच घ्यायचं की थेंब अंगाइतके कोमट हवेत, गार नको आणि गरमही नको. हात साबणानं धुऊन कोरडे करा आणि बाटली बंद मुठीत एक-दोन मिनिटं धरून ठेवा. थंडीच्या दिवसांत थोडी जास्त वेळ धरा. बाटली फ्रीजमध्ये ठेवायला सांगितली असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढा आणि मग मुठीत धरा. मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघा. गार किंवा गरम काहीच जाणवलं नाही तर बरोबर आहे. चुलीजवळ ठेवणं, उकळत्या पाण्यात बुडवणं, मायक्रोवेव्हमध्ये तापवणं हे करू नका. बाहेरून बाटली कोमट लागते आणि आतलं औषध कान भाजेल एवढं तापलेलं असू शकतं.

चिठ्ठीवर हलवून वापरा असं लिहिलं असेल तर बाटली आत्ताच हलवून घ्या. नाव पण वाचा. डोळ्याचे आणि कानाचे थेंब सारख्याच छोट्या बाटलीत येतात. कानाचं औषध डोळ्यात गेलं तर डोळ्याला इजा होते.

कान वरती, छताकडे

बसून मान कलती करण्यापेक्षा कुशीवर आडवं पडणं चांगलं. उजव्या कानात टाकायचं असेल तर डाव्या कुशीवर पडा. जाड उशी नको, पातळ चालेल. कानाचं भोक सरळ छताकडे बघत असलं पाहिजे. कानात मशीन वापरत असाल तर आधी काढून ठेवा.

आता नळीचं वळण सरळ करायचं. मोठ्या माणसाचा कान वरच्या भागाला धरून हलकेच वर आणि मागे ओढा. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर उलटं करा. त्याची नळी वेगळ्या दिशेनं वळलेली असते, म्हणून पाळी धरून खाली आणि मागे ओढायची. ओढताना खूप दुखलं तर जोर लावू नका, नळीला सूज असेल.

बाटलीचं टोक कानाला किंवा बोटाला लागू देऊ नका. लागलं तर कानातले जंतू बाटलीत जातात आणि पुढच्या वेळी तेच परत कानात. थेंब भोकाच्या मधोमध न टाकता नळीच्या कडेवर टाका, म्हणजे औषध भिंतीवरून खाली उतरतं आणि आतली हवा दुसऱ्या बाजूनं बाहेर येते. मधोमध टाकलं तर हवेचा बुडबुडा अडकतो आणि औषध वरच तरंगत राहतं. अरुंद तोंडाच्या बाटलीत पाणी ओतताना आपण हेच बघतो.

थेंब टाकल्यावर कान सोडा. भोकासमोर, गालाच्या बाजूला एक छोटा मऊ उंचवटा असतो. तो बोटानं हलकेच चार-पाच वेळा दाबा आणि सोडा. पंपासारखं होऊन औषध खाली ढकललं जातं.

पाच मिनिटं तसंच पडून राहा

औषध तळाशी पोचून मुरायला वेळ लागतो. डॉक्टरांनी किंवा चिठ्ठीनं वेगळी वेळ सांगितली नसेल तर पाच मिनिटं धरा. अंदाजानं मोजलं की दोन मिनिटांची पाच होतात, म्हणून मोबाईलवर टायमर लावा. दोन्ही कानांत टाकायचं असेल तर एका बाजूची पाच मिनिटं पूर्ण झाल्यावरच कूस बदला.

उठल्यावर थोडं औषध बाहेर येतं. ते कापडानं बाहेरूनच पुसा. कापसाचा बोळा डॉक्टरांनी सांगितला तरच लावा आणि तोही भोकाच्या तोंडाशी सैल ठेवा. आत कोंबलेला कोरडा बोळा सगळं औषध पिऊन टाकतो.

लहान मुलाला आईनं मांडीवर आडवं घ्यावं, एक हात त्याच्या डोक्यावर ठेवावा आणि दुसऱ्या माणसानं थेंब टाकावेत. मूल पाच मिनिटं थांबत नसेल तर अंगावर पाजताना किंवा मोबाईलवर गाणं लावून जेवढं जमेल तेवढं थांबवा. झोपलेल्या मुलालाही टाकता येतात, फक्त थेंब कोमट हवेत, नाहीतर दचकून उठेल.

एक उदाहरण : मळ मऊ करायचे थेंब

सोयाबीनच्या मळणीनंतर एका शेतकऱ्याचा उजवा कान गच्च झाला. डॉक्टरांनी कानात बॅटरी लावून बघितलं. पडदा शाबूत होता, पण मळ कडक झालेला. उजव्या कानात चार थेंब, दिवसातून तीन वेळा, पाच दिवस आणि मग मळ काढायला या, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याला अजूनच कमी ऐकू यायला लागलं. औषध बाधलं म्हणून त्यानं बंद करायचं ठरवलं. पण इथं औषध काम करत होतं. हरभरे भिजत घातले की फुगतात, तसा कोरडा मळ भिजून फुगतो आणि उरलीसुरली वाट बंद करतो. दुखत नसेल तर हे तात्पुरतं असतं. त्यानं डॉक्टरांना फोन करून विचारलं, थेंब चालू ठेवले आणि सहाव्या दिवशी मऊ झालेला मळ दवाखान्यात निघाला. मधेच बंद केलं असतं तर फुगलेला मळ तसाच राहिला असता. काडीनं किंवा किल्लीनं टोकरला असता तर आणखी आत गेला असता.

आता हिशोब बघा. रोज १२ थेंब, पाच दिवसांत ६० थेंब, म्हणजे साधारण तीन मिलिलीटर. बाटली दहा मिलिलीटरची. सात मिलिलीटर उरले आणि ते फळीवर गेले. पुढच्या पावसाळ्यात घरातल्या पोराचा कान वाहायला लागला की हीच बाटली खाली येते. धोका इथं आहे.

वाहणाऱ्या कानात उरलेले थेंब नकोत

कान वाहतोय म्हणजे पडद्याला भोक असू शकतं. मळाचे थेंब अशा कानासाठी नसतात. जंतू मारणाऱ्या काही थेंबांत जेंटामायसिन किंवा निओमायसिन असतं. ते भोकातून आत गेलं तर ऐकण्याची शक्ती कायमची कमी होऊ शकते. कोमट तेल, लसणाचं तेल याचंही तेच, वाहत्या कानात काहीच ओतायचं नाही. पडदा बघूनच डॉक्टर कोणतं औषध ते ठरवतात.

अशा कानाला थेंब लिहून दिले असतील तर आधी कान कोरडा करा. नाहीतर पू भरलेल्या नळीत औषधाला जागाच मिळत नाही. स्वच्छ, मऊ सुती कापडाची वात वळा, कानात हलकेच ठेवा, भिजली की काढून फेका आणि नवी ठेवा. वात कोरडी निघेपर्यंत असं करा आणि मग थेंब टाका. काडीला कापूस गुंडाळून आत घालू नका. थेंब टाकल्यावर घशात कडू चव आली तर औषध पडद्याच्या भोकातून घशाकडे उतरलं असं समजा आणि पुढचा डोस टाकण्याआधी डॉक्टरांना सांगा.

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनानं लिहा. चिठ्ठीवर वेगळं लिहिलं नसेल तर एका महिन्यानंतर टाकून द्या, औषध उरलं असलं तरी.

लगेच दवाखाना कधी?

थोडी चक्कर दोन-तीन मिनिटांत थांबली तर पुढच्या वेळी बाटली जास्त वेळ मुठीत धरा. पण चक्कर थांबत नसेल, थेंबांनंतर खूप दुखत असेल, रक्त येत असेल किंवा अचानक ऐकू येणं कमी होऊन कानात आवाज यायला लागला तर थेंब थांबवा आणि दाखवा. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, तापासोबत मान आखडणं किंवा मूल सुस्त पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या. जाताना बाटली सोबत घ्या, म्हणजे कानात काय टाकलं होतं ते डॉक्टरांना लगेच कळेल.