वाक्यपृथक्करण

वाक्यपृथक्करण म्हणजे वाक्याचे घटक आणि त्यांचे परस्परसंबंध उलगडून दाखवण्याची व्याकरणातील रीत.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये आणि मो. के. दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. शालेय परिभाषा मुख्यतः याच परंपरेतली आहे.

नमुना परिच्छेद : ‘साताऱ्याहून आलेल्या व्यापाऱ्याने सांगलीच्या बाजारात हळद पाहिली. पाऊस आला म्हणून सौदा थांबला. हळद भिजू नये म्हणून हमालांनी पोती छपराखाली नेली.’

पहिल्या वाक्यात ‘पाहिली’ हे क्रियापद ‘हळद’प्रमाणे चालते, म्हणून पुष्कळ विद्यार्थी हळदीलाच कर्ता मानतात. पाहणारा मात्र व्यापारी आहे. ‘व्यापाऱ्याने’ हा तृतीयान्त कर्ता, ‘हळद’ हे कर्म. हळदीच्या जागी ‘गूळ’ घातल्यास ‘पाहिला’ होते. यावरून कर्मणी प्रयोग ठरतो (पहा : प्रयोग). ‘आलेल्या’ हे धातुसाधित विशेषण आहे. त्याने स्वतंत्र उपवाक्य होत नाही, त्यामुळे वाक्य केवलच राहते.

‘साताऱ्याहून’मधील ‘हून’ हा पंचमीचा प्रत्यय, तर ‘छपराखाली’मधील ‘खाली’ हे शब्दयोगी अव्यय. दोन्हींपूर्वी नामाचे सामान्यरूप होते (पहा : विभक्ती, शब्दयोगी अव्यय).

खरी कसोटी ‘म्हणून’ची. दुसऱ्या वाक्यात ते परिणामबोधक आहे. दोन्ही विधाने स्वतंत्रपणे उभी राहतात, म्हणून वाक्य संयुक्त. तिसऱ्यात ‘पोती कशासाठी नेली?’ याचे उत्तर ‘हळद भिजू नये’ हे गौण वाक्य देते. तेथे ‘म्हणून’ उद्देशबोधक आणि वाक्य मिश्र ठरते (पहा : उभयान्वयी अव्यय).