बुडालेल्या गावांची नावे

बारडोलीच्या शिवारात उसाला जे पाणी मिळते ते तापीचे, हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. काकरापारचा बंधारा आधी झाला, आणि १९७२ साली त्याच्या वरच्या अंगाला उकाईचे धरण पुरे झाले. कालव्याचे पाणी बारमाही झाले, कापूस-ज्वारीच्या जागी ऊस आला आणि साखर कारखान्यांचा हा मुलूख भरभराटीस आला. त्या धरणाच्या जलाशयाला ‘वल्लभसागर’ असे नाव मिळाले. परंतु या सागराखाली सुमारे १७० गावांची जमीन, काहींची सगळी तर काहींची अंशतः, गेली आहे. त्या गावांच्या नावांचे पुढे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय.

उकाईच्या काही गावांच्या बाबतीत एक गोष्ट विसरली गेली आहे. पाणी चढण्याच्या बारा वर्षे आधीच ती एकदा हलली होती, आणि तीही जागेवरून न हलता. १९६० साली मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नवापूर, नंदुरबार, तळोदा व अक्कलकुवा या तालुक्यांतील दीडशेहून अधिक गावे गुजरातकडे देण्यात आली. नियोजित जलाशयाखाली जाणारा मुलूख गुजरातच्या ताब्यात असावा, हे त्यामागील एक कारण होते. आजचे उच्छल आणि निझर हे तालुके मुख्यतः याच गावांतून उभे राहिले. आपल्यापैकी जे रेल्वेने खानदेशात जातात त्यांनी नवापूरचे स्थानक पाहिले असेलच. अर्धा फलाट गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. ज्या गावांचे दप्तर काल मोडी-मराठीत होते ते आज गुजरातीत लिहिले जाऊ लागले, आणि तलाठ्याच्या लेखणीखाली नावांची वळणेही थोडीथोडी बदलली. मग त्यांतील कित्येकांवर पाणी आले.

गाव बुडाले म्हणजे नाव बुडाले, असे आपण सहज म्हणतो. महसुली व्यवहारात तसे होत नाही. महसुली गाव म्हणजे घरे नव्हेत. शीव, भूमापन क्रमांक आणि त्यांचे दप्तर मिळून महसुली गाव होते. वस्ती उठली, जमीन पाटबंधारे खात्याकडे गेली, तरी ते गाव यादीत राहते. फक्त त्यापुढे लोकसंख्येच्या रकान्यात काही नसते. अशा गावाला आपल्या जुन्या दप्तरात ‘बेचिराग’ म्हणत. चिराग म्हणजे दिवा. जेथे संध्याकाळी दिवा लागत नाही ते बेचिराग गाव. दुष्काळाने, लुटीने वा पटकीने उठलेल्या वस्त्यांसाठी पेशवाईपासून चालत आलेला हा शब्द धरणांच्या काळात पुन्हा कामास आला. म्हणजे कागदावर नाव जुन्या जागी राहते, आणि माणसे नव्या जागी जातात. मग त्या माणसांबरोबर नाव जाते की नाही, हा खरा प्रश्न.

आपल्या मंडळींना या प्रश्नाचे एक उत्तर घरातच सापडेल. आपल्यापैकी पुष्कळांच्या आडनावात एखादे गाव दडलेले आहे, आणि त्या गावात गेल्या चार पिढ्यांत कोणी पाऊलही टाकलेले नसते. ‘कर’ हा प्रत्यय म्हणजे गावाचे नाव पाठीवर बांधून नेण्याची मराठी माणसाने शोधलेली सोय आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण गोव्यातील कुर्डी या गावाचे. सांगे तालुक्यातील हे गाव साळावली धरणाखाली १९८६ च्या सुमारास गेले. जयपूर घराण्याच्या थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ साली याच गावी झाला. उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे त्या शिकल्या, मुंबईत राहिल्या आणि २००१ साली निवर्तल्या. गाव पाण्याखाली जाऊन पंधरा वर्षे होत आली तरी संगीताच्या कार्यक्रमांत आणि ध्वनिमुद्रिकांवर ‘कुर्डी’ हे नाव गात होते. कुर्डीचे नाव महाराष्ट्रभर ज्यांना माहीत झाले त्यांतील बहुतेकांना ते गाव आहे हेही ठाऊक नव्हते.

आता कुर्डीत राहणाऱ्यांचे पाहा. त्यांना वाडे आणि वालकिणी येथे जागा मिळाली. त्या ठिकाणांना नावे आधीपासूनच होती. नव्याने आलेले तेथे वाड्याचे वा वालकिणीचे झाले. देवाची व्यवस्था आणखी निराळी. कुर्डीचे कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगड दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले, म्हणून ते देऊळ तरले. सोमेश्वराचे स्थान मात्र जुन्या जागीच राहिले. दर मे महिन्यात जलाशयाचे पाणी उतरते, तेव्हा भिंतींचे चौथरे, रस्ते आणि देवळाची जागा उघडी पडते, आणि विखुरलेले कुर्डीवासी त्या काही आठवड्यांत तेथे येऊन उत्सव करतात. हिंदूंचा देवस्थानाचा, ख्रिस्तींचा चॅपेलचा. जून आला की गाव परत पाण्याखाली. म्हणजे एका गावाचे नाव गायिकेच्या आडनावात गेले, देऊळ निराळ्या जागी गेले, माणसे दुसऱ्या नावाच्या वस्त्यांत गेली, आणि ‘कुर्डी’ ही जागा वर्षातून एकदा भेटण्यापुरती उरली.

ही ‘कर’ची सोय उकाईच्या किंवा नर्मदेच्या काठच्या माणसाला नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे. वसावा, गामीत, चौधरी, वळवी, पाडवी, मावची ही आडनावे कुळाची वा समाजाची आहेत, गावाची नाहीत. शंभर गावांतील वसावे शंभर ठिकाणी गेले तरी आडनावावरून कोणाचे गाव कोणते हे कळावयाचे नाही. त्यांच्या गावाचे नाव टिकायचे तर ते सगळ्या गावानेच एकत्र उचलून न्यावे लागते.

असे नेता येते याचा पुरावा भीमेच्या काठी आहे. उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे गाव त्याखाली गेले. गाव फार दूर गेले नाही. पुणे-सोलापूर रस्त्यालगत वसले आणि तेथेही पळसदेवच राहिले. जुने हेमाडपंती देऊळ आजही उन्हाळ्यात पाणी फारच खालावले की शिखरासह बाहेर येते, आणि लोक होडीतून त्याच्या दर्शनास जातात. हे नाव टिकण्यास दोन गोष्टी कारण झाल्या असे मला वाटते. एक, अंतर थोडे होते. तालुका, बाजार, रस्ता आणि नातीगोती तीच राहिली, म्हणून विचारणाऱ्याला ‘कोणते पळसदेव?’ असे विचारण्याची गरज पडली नाही. दुसरी, नाव मुळातच देवाचे होते. नाल्याचे किंवा झाडाचे नाव जमिनीला चिकटलेले असते. देवाला मात्र माणूस बरोबर नेऊ शकतो. नर्मदेवरील शूलपाणेश्वराचे देऊळ सरदार सरोवरात गेले तेव्हा केवडियाजवळ गोरा येथे नवे देऊळ उभे राहिले, आणि त्याला शूलपाणेश्वर म्हणताना कोणी अडखळत नाही, याचे कारणही तेच.

याच शूलपाणेश्वराच्या शेजारचे मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातील गाव. सरदार सरोवराने महाराष्ट्रात ज्या ३३ गावांना बाधा पोचली त्यांत हे पहिले. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याप्रमाणे इतर राज्यांच्या विस्थापितांनाही गुजरातने जमीन द्यावयाची होती; त्यानुसार मणिबेलीच्या काही कुटुंबांनी वडोदरा जिल्ह्यात परवेटा येथे जमीन घेतली. त्या वसाहतीला मणिबेली म्हणत नाहीत, परवेट्याची वसाहत म्हणतात. गुजरातेतील नर्मदेच्या वसाहती बहुधा अशाच, ज्या गावाच्या शिवारात जमीन मिळाली त्याच्या नावाने ओळखल्या जातात. एका गावची कुटुंबे अनेक ठिकाणी वाटली गेली, तेव्हा नाव कोणत्या तुकड्याबरोबर जावे? आणि गंमत पाहा, १९९४ साली मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी जगभरच्या शेकडो संघटनांनी केली, ती ‘मणिबेली जाहीरनामा’ या नावाने. ज्या गावाला परवेट्यात आपले नाव लावता आले नाही त्याचे नाव वॉशिंग्टनपर्यंत गेले.

महाराष्ट्रातच राहिलेल्यांना तळोदा व शहादा तालुक्यांत जागा मिळाली. तेथील वसाहतींची नावे वाचण्यासारखी आहेत: नर्मदानगर, रेवानगर, सरदारनगर, रोझवा पुनर्वसन, तऱ्हावद पुनर्वसन. पहिल्या दोन नावांत सुटलेली नदी आहे. तिसऱ्यात, माणसांना उठवणारे धरण. उरलेल्या दोहोंत यजमान गावाचे नाव आणि त्यापुढे सरकारी शेरा. अनेक गावांची कुटुंबे एकत्र आली की कोणा एकाच्या गावाचे नाव लावणे दुसऱ्याला रुचत नाही, आणि मग कोणाचेच नसलेले नाव सर्वांना चालते. कार्यालयालाही ते सोयीचे असते. ‘पुनर्वसन’ हा शब्द मात्र एकदा चिकटला की सुटत नाही. तेथे जन्मलेल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरही तो येतो.

कागदाचा प्रश्न वरवरचा नाही. वसाहत स्वतंत्र महसुली गाव म्हणून जाहीर होईपर्यंत सातबारा, वारसनोंद, दाखले यांसाठी तेथील माणसाला यजमान गावाच्या दप्तराचा आधार घ्यावा लागतो. आणि आदिवासी कुटुंबाला जमातीचा दाखला हवा असेल तर ६ सप्टेंबर १९५० रोजी आपला बाप किंवा आजा कोठे राहत होता हे दाखवावे लागते. त्या दिवशी रेवानगर अस्तित्वात नव्हते. आजा ज्या गावात राहत होता ते गाव पाण्याखाली आहे, पण त्याचे नाव बेचिराग म्हणून का होईना यादीत आहे, आणि जुन्या शाळेच्या पटावर किंवा गावच्या जन्म-मृत्यू नोंदीत आज्याचे नाव त्या गावाखाली लिहिलेले आहे. उकाईच्या बाबतीत तर १९५० साली ते गाव पश्चिम खानदेशात, आणि नातवाचा अर्ज गुजरातेत. जुन्या पटावरील मराठी वळणाचे गावाचे नाव आणि आजच्या यादीतील गुजराती वळणाचे नाव एकच आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी नातवावर येते. आपल्या घरांत जुने मोडी वा बालबोध कागद असतील, त्यांत या खानदेशी गावांचे उल्लेख असतील, तर ते रद्दीत न टाकता जपून ठेवावेत. ज्या नावाने आता पत्र टाकता येत नाही, त्या नावावर कोणाची तरी शिष्यवृत्ती किंवा नोकरी अजून अडलेली असू शकते.