प्रदर्शनात दोन दिवसांचा स्टॉल घेताय? किती बिलं फाडावी लागतील ते आधी मोजा

आंगणेवाडीच्या किंवा कुणकेश्वरच्या जत्रेत खाजाचं दुकान मांडणाऱ्याला हिशोब कागदावर करावा लागत नाही. जागेचे किती, टेम्पोचे किती, रात्री दुकानावर कोण झोपणार, हे वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. माल उरला तर पुढच्या जत्रेला जातो. मुंबई, ठाणे, डोंबिवली किंवा पुण्यातल्या हॉलमध्ये भरणाऱ्या शनिवार-रविवारच्या प्रदर्शनाचं तसं नाही. तिथे घरापासून लांब, दोनच दिवसांत सगळा खर्च वसूल करायचा असतो. कोकम आगळ, मालवणी मसाला, काजू, खाजा घेऊन मालवणातून तिकडे जाणाऱ्या घरगुती उद्योगांना आणि बचत गटांना परत आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला जातो, "भाडा तरी सुटला काय?" खरं तर हा प्रश्न अपुरा आहे. भाडं सुटूनही धंदा तोट्यात जाऊ शकतो, कारण एकूण खर्चात भाड्याचा वाटा बहुतेक वेळा निम्म्याहूनही कमी असतो.

एक नमुना हिशोब करून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा, मालवण तालुक्यातला एक घरगुती उद्योग ठाण्यातल्या दोन दिवसांच्या प्रदर्शनात स्टॉल घेतो. आयोजक भाडं ९,००० रुपये सांगतो. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे भरायचे १०,६२०. फोनवर बोलताना हा कर अनेकदा सांगितला जात नाही, पावती हातात आली की कळतो. जादा लाईट पॉइंट आणि जादा टेबल यांचे ७०० धरले. बॅनर, टेबलावरचं कापड, उभा रॅक यांवर एकदा ६,००० गेले आणि ते सहा प्रदर्शनांना पुरणार असतील, तर या खेपेचे १,०००. दरपत्रकाच्या छपाईचे ३०० वेगळे. माल पाठवणं आणि उरलेला परत आणणं मिळून २,२००. दोन माणसांचा प्रवास, म्हणजे रेल्वे, कुडाळपर्यंतची एसटी आणि तिकडची रिक्षा धरून २,४००. जेवणखाण १,६००. मदतनीसाची चार दिवसांची मजुरी रोज ५०० प्रमाणे २,०००. चाखायला देण्याचा खर्च १,०००. फुकट वाटायच्या मसाल्याच्या छोट्या पुड्या, बारा रुपयांची एक अशा दोनशे, म्हणजे २,४००. अडीअडचणीला ७८० ठेवले की बेरीज बरोबर २५,००० होते. यात मालकाची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही.

मदतनीसाचे दिवस चार का, दोन का नाहीत? शुक्रवार बांधाबांधीत आणि गाडी पकडण्यात जातो, रविवारी रात्री स्टॉल उतरवून निघालं की घरी पोचेपर्यंत सोमवार उजाडतो. आयोजकाने स्टॉल शुक्रवारी संध्याकाळीच लावून घ्यायला सांगितलं तर गुरुवारी रात्री निघावं लागतं आणि पाचवा दिवस वाढतो. म्हणून पैसे भरण्याआधी हॉलचा ताबा कधी मिळणार, हे विचारून घ्यावं. या एका उत्तरावर प्रवास, जेवण आणि मजुरी तिन्ही अवलंबून असतात.

बिलांचा हिशोब

आता २५,००० रुपये गल्ल्यातून नव्हे, मार्जिनमधून निघायला हवेत. आगळाची बाटली १८० ला विकली आणि बाटली, लेबल, मजुरी धरून ती १०५ ला पडली असेल, तर खर्च भागवायला ७५ रुपयेच हातात राहतात. पाव किलो मसाला २५० ला विकून १०० राहतात. म्हणजे साधारण ४० टक्के. या दराने २५,००० काढायला ६२,५०० रुपयांची विक्री लागते. सरासरी बिल ३५० चं धरलं तर १७९ बिलं झाली. हॉल सकाळी अकरा ते रात्री नऊ उघडा असेल तर दोन दिवसांचे वीस तास मिळतात. तासाला नऊ बिलं, म्हणजे दर सहा-सात मिनिटांनी एक गिऱ्हाईक, तेही दुपारच्या रिकाम्या वेळेसकट. एवढं केल्यावर नफा शून्य!

काजू मोठ्या प्रमाणात नेला की हे गणित आणखी बिघडतं. अर्धा किलोचं पाकीट ५५० ला विकून ९० रुपये सुटत असतील तर मार्जिन जेमतेम १६ टक्के. निम्मी विक्री काजूची झाली तर खर्च भागायला जवळपास ८९ हजारांचा गल्ला लागेल. काजूमुळे लोक थांबतात, बिल मोठं होतं, त्यामुळे तो न्यावाच लागतो. पण टेबलाचा पुढचा भाग त्याला देऊ नये. पुढे आगळ, मसाला आणि खाजा ठेवावा. रविवारी संध्याकाळी 'दहा टक्के सूट'चा कागद लावतानाही हाच हिशोब लक्षात ठेवावा. २५० च्या मसाल्यावर २५ रुपये सोडले म्हणजे मार्जिनचा चौथा हिस्सा सोडला.

फुकट वाटायचं काय?

पुड्यांवरचे २,४०० रुपये परत मिळवायला ४० टक्के मार्जिनने ६,००० रुपयांची, म्हणजे सतरा-अठरा बिलांची जादा विक्री व्हावी लागते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पुडी दिली तर तेवढी विक्री वाढत नाही. दुपारपर्यंत पुड्या संपतात आणि त्यातल्या बऱ्याचशा हॉलमध्ये फिरणाऱ्या मुलांकडे गेलेल्या असतात. त्यापेक्षा पाचशेच्या वर बिल झालं की छापील कापडी पिशवी द्यावी. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी असल्याने काही ना काही पिशवी द्यावीच लागते. त्यावर फोन नंबर छापला की वेगळं कार्ड वाटायची गरज राहत नाही.

चाखायला देणं मात्र सोडू नये, कारण आगळ न चाखता नवं गिऱ्हाईक बाटली उचलत नाही. इथे सोलकढी देण्याचा मोह होतो. नारळाचं दूध गरम हॉलमध्ये दुपारनंतर टिकत नाही, आणि आंबलेला एक घोट पुढची दहा गिऱ्हाईकं घालवतो. बर्फपेटी आणि ताजं दूध काढणारा माणूस हाताशी नसेल तर कोकम सरबतच बरं. एक लिटर गोड अर्काचं सात-आठ लिटर सरबत होतं, त्यात तीस मिलीचे अडीचशे घोट निघतात. त्यामुळे या खात्यात अर्कापेक्षा कागदी कप आणि पाण्याचे जार यांचाच खर्च जास्त होतो. कप घरूनच घाऊक भावाने घेऊन जावेत, हॉलच्या आसपास ते महाग पडतात. मसाला चाखायला देता येत नाही. त्याची उघडी बरणी वासासाठी ठेवली तरी पुरते.

प्रवासाच्या खात्यात रेल्वेचं तिकीट स्वस्त वाटतं म्हणून माल सोबत नेण्याचा विचार होतो. स्लीपरमध्ये एका प्रवाशाला ४० किलोपर्यंत सामान मोफत नेता येतं, पण ती सवलत वैयक्तिक सामानाला आहे, विक्रीच्या खोक्यांना नाही. माल पार्सलने बुक करावा किंवा खाजगी बसने, टेम्पोने पाठवावा. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, तेव्हा प्रदर्शनाची तारीख पक्की झाली की परतीचं तिकीट आधी काढावं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यातल्या प्रदर्शनाला हे विशेष लागू होतं. मुंबईला जाणारी गाडी तेव्हा रिकामी मिळते, पण परतीच्या गाडीत सगळे चाकरमानी असतात.

राहण्याचा खर्च वरच्या हिशोबात नाही, कारण मालवणच्या माणसाचं मुंबईत कोणीतरी असतंच. त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही, हेही खरं. दोन बाटल्या आगळ आणि काजूचं पाकीट गेलं तर ते मालातून वजा करून लिहावं. नाहीतर शेवटी स्टॉकचा मेळ लागत नाही आणि संशय मदतनीसावर येतो.

तोच स्टॉल दोघांनी मिळून घेतला तर चित्र बदलतं. भाडं ५,३१०, लाईट-टेबल ३५०, टेम्पो १,१००. गावाहून एकच माणूस गेला, त्याचा प्रवास १,३०० आणि जेवण १,०००. तिकडच्याच नात्यातल्या मुलीला दोन दिवसांचे १,००० दिले. मांडणीचे १,३००, चाखण्याचे १,०००, पुड्या बंद, आणि ६४० हाताशी. एकूण १३,०००. आता ३२,५०० च्या विक्रीला खर्च निघतो, म्हणजे ९३ बिलं, तासाला पाचच्या आत. दोघांचा माल एकच नसावा; एकाकडे मसाले-आगळ असेल तर दुसऱ्याकडे लाकडी खेळणी किंवा काथ्याच्या वस्तू असाव्यात. मात्र स्टॉल वाटून घ्यायला आयोजकाची परवानगी नोंदणीच्या वेळीच लेखी घ्यावी. बरेच आयोजक ऐनवेळी दुसरं नाव चालवून घेत नाहीत.

बचत गटांना 'उमेद'च्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात सहसा भाडं भरावं लागत नाही. पण ते दोन दिवसांचं नसतं, आठवड्याहून जास्त चालतं. तेवढे दिवस दोन महिलांचं जेवण, घरची बुडालेली कामं आणि मध्येच गावाहून मागवावा लागणारा माल, हा खर्च कोऱ्या कागदावर वरच्याच पद्धतीने मांडून पाहावा.

स्टॉल पणजी किंवा म्हापशाचा असेल तर एक वेगळी बाब आहे. महाराष्ट्रात विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या छोट्या माल-विक्रेत्याला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. पण दुसऱ्या राज्यात तात्पुरतं दुकान मांडून करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही असो, 'कॅज्युअल' नोंदणी किमान पाच दिवस आधी मागावी लागते आणि अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो. काही हस्तकला वस्तूंना सूट आहे. बांदा ओलांडलं की गोवा, पण कायद्याने ते दुसरं राज्य. कर सल्लागाराची फी या हिशोबात धरूनच गोव्याचा स्टॉल स्वस्त पडतो की नाही ते ठरवावं. खाद्यपदार्थ असतील तर अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक लेबलवर हवा, मग प्रदर्शन कुठलंही असो.

राहता राहिला उरलेला माल. आगळ आणि मसाला परत आणता येतो. खाजा मात्र जाताना थोडा मोडतो, येताना बराच चुरा होतो आणि दमट हवेत मऊ पडतो. म्हणून खाजा शनिवारच्या अंदाजाने थोडा कमीच न्यावा. दर तासाची बिलं वहीत टिपत राहिलं तर शनिवारी रात्रीच कळतं की रविवारी काय उरणार. रविवारी दुपारी चारपर्यंत ठरलेल्या बिलांच्या निम्मीही झाली नसतील तर नात्यातल्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर उरलेल्या खाजाची ऑर्डर तेव्हाच घ्यावी. रात्री हॉल बंद झाल्यावर खोकी बांधता बांधता ते जमत नाही.