जुळलेली तेरीज आणि ब्रॅडी हाउसचे कागद

पंजाब नॅशनल बँकेने 29 जानेवारी 2018 रोजी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे केलेली तक्रार मुंबईतल्या फोर्ट भागातल्या ब्रॅडी हाउस शाखेची आहे. 16 जानेवारीला हिऱ्यांच्या तीन भागीदारी पेढ्या आयातीची कागदपत्रे घेऊन शाखेत आल्या आणि परदेशातल्या पुरवठादारांचे पैसे भागवण्यासाठी त्यांनी कर्जाची सोय मागितली. शाखेने पूर्ण रकमेइतके तारण रोखीने मागितले. पेढ्या म्हणाल्या, आम्ही हीच सोय आजवर तारणाशिवाय घेत आलो आहोत. शाखेने आपली दफ्तरे तपासली, तेव्हा अशा सोयीची एकही नोंद सापडली नाही.

त्या पहिल्या तक्रारीत नोंदीशिवाय परदेशी बँकांना गेलेली आठ हमीपत्रे आणि सुमारे 280 कोटी रुपये एवढाच आकडा होता. 14 फेब्रुवारीला बँकेने शेअर बाजाराला कळवलेला आकडा होता 177 कोटी 16 लाख 90 हजार डॉलर, म्हणजे 11 हजार 400 कोटी रुपयांच्या आसपास. पुढे तो 13 हजार कोटींच्या वर गेला. हमीपत्रांचा हा सिलसिला 2011 पासून चालू असल्याचे तपासात पुढे आले.

वृत्तपत्रांनी तेव्हा विचारले, इतकी वर्षे हिशेब तपासणारे काय करत होते? माझा प्रश्न त्याहून बारीक आहे. या सगळ्या वर्षांत शाखेची तेरीज रोज जुळत होती का? बँकेचे संगणकी हिशेब ज्या रीतीने चालतात ती पाहता उत्तर एकच संभवते: जुळत होती. आणि त्यात लबाडीही नव्हती, कारण जे तेरजेने तपासायचे असते ते सगळे तिथे ठीकच होते.

तेरीज तपासते तरी काय, हे पाहायला मुंबईपेक्षा गोंदिया तालुक्यातले कामठा बरे. हा धानाचा मुलूख. समजा, कामठ्यात एकाने धानाची खरेदी-विक्री सुरू केली. घरचे दोन लाख घातले, दीड लाखाचे धान रोखीने घेतले. त्यातले काही 50 हजारांना रोखीने आणि काही 40 हजारांना गोंदियाच्या एका राइस मिलला उधारीवर विकले. हमाली सहा हजार दिली. रोजकीर्दीतून हे व्यवहार खतावणीत गेले आणि महिनाअखेरीला त्याने प्रत्येक खात्याची बाकी काढली. नावे बाजूला रोकड 94 हजार, खरेदी 1 लाख 50 हजार, मिलकडून येणे 40 हजार, हमाली 6 हजार: बेरीज 2 लाख 90 हजार. जमा बाजूला भांडवल 2 लाख आणि विक्री 90 हजार: बेरीज तीच.

ही जुळणी सांगते ती गोष्ट छोटी, पण ठाम आहे. जितकी रक्कम नावे पडली तितकीच जमा पडली, बेरजा बरोबर झाल्या, आणि बाक्या तेरजेत उतरवताना एखादी गळली नाही. मिलच्या खात्यात 40 हजारांऐवजी कुणी 4 हजार मांडले आणि विक्रीत 90 हजारच राहिले, तर दोन बाजूंत 36 हजारांचा फरक पडेल. मुरलेला मुनीम अशा फरकाला आधी नऊने भागून बघतो, कारण अंक उलटसुलट झाले किंवा एखादे शून्य सरकले की फरकाला नऊने पूर्ण भाग जातो. तसे नसेल तर तो फरक निम्मा करून त्या रकमेची नोंद शोधतो, कारण रक्कम चुकीच्या बाजूला पडली की फरक तिच्या दुप्पट होतो. लुका पाचोली या इटालियन धर्मगुरूने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची रीत मांडली. दोन बाजू जुळल्या नाहीत तर चूक आहे, ती शोधून काढा, असे त्यानेही सांगितले. त्याच्या उलटे, म्हणजे जुळल्या तर चूक नाही, हे मात्र त्यावरून निघत नाही.

कामठ्याच्याच दुकानात आणखी एक विक्री झाली, 20 हजारांची, दुसऱ्या मिलला, आणि चिठ्ठी खिशात राहून गेली असे धरा. रोजकीर्दीत ती चढलीच नाही. मिलच्या खात्याला नावे पडले नाही आणि विक्रीला जमाही झाले नाही. तेरीज पुन्हा 2 लाख 90 हजारांवर जुळेल. येणे बुडेल आणि नफा कमी दिसेल, पण बेरजेला त्याचा पत्ता लागणार नाही. पुस्तपालनात याला विसरचूक म्हणतात. नाव मऊ आहे. विसरणारा मुद्दामच विसरला असेल तरी तेरजेला दोन्ही सारखेच.

ब्रॅडी हाउसमध्ये तक्रारीप्रमाणे नेमके हेच घडले. परदेशातल्या बँकेला हमी देण्याचा संदेश स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून जाई. बँकेचा स्वतःचा हिशेब मात्र कोअर बँकिंग प्रणालीत चाले, आणि या दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. संदेश पाठवला, पण प्रणालीत नोंद केली नाही, असे करण्याची वाट त्यामुळे उघडी होती. हमी परदेशी पोचली. पहिल्या तक्रारीतल्या आठांपैकी काही अलाहाबाद बँकेच्या आणि काही अॅक्सिस बँकेच्या हाँगकाँग शाखेकडे गेल्या होत्या. तिथे ती हमी खरी मानून कर्ज दिले गेले.

कागद शेजारी-शेजारी ठेवले की एक गमतीची गोष्ट दिसते, अर्थात गमतीची दुरून बघणाऱ्याला. हाँगकाँगच्या शाखेत कर्ज नावे पडले आणि दिलेली रक्कम जमा पडली, म्हणजे तिथली तेरीज जुळली. ब्रॅडी हाउसमध्ये काहीच पडले नाही, म्हणून तिथलीही जुळली. दोन्ही दफ्तरे आपापल्या घरात बिनचूक होती. चुकले होते ते दोघांच्या मधे. तेरीज एकाच दफ्तराच्या आत फिरते, शेजारच्या दफ्तरात डोकावत नाही.

त्यातून हमी हा प्रकारच असा की तिची नोंद झाली असती तरी बेरजेत खळबळ झाली नसती. ग्राहकाने पैसे थकवले तरच बँकेवर पडणारे हे संभाव्य दायित्व. बँका त्याची नोंद समोरासमोरच्या दोन खात्यांत करतात: एकीकडे हमीपोटी बँकेचे देणे, दुसरीकडे ग्राहकाकडून तितकेच येणे. नोंद केली तर दोन्ही बाजू सारख्या वाढतात, नाही केली तर सारख्या राहतात. शेअर बाजाराला दिलेल्या 14 फेब्रुवारीच्या पत्रातही बँकेने हे व्यवहार संभाव्य स्वरूपाचे असल्याचे म्हटले होते. त्या वाक्यात कायदेशीर सावधपणा आहे, पण आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

मग हे उघडकीला कसे यावे? स्विफ्टच्या संदेशांची यादी रोज प्रणालीतल्या नोंदींशी ताडून, किंवा परदेशी बँकेतल्या आपल्या खात्याचा उतारा मागवून आपल्या पुस्तकाशी जुळवून. म्हणजे बाहेरचा कागद आत आणून. रिझर्व्ह बँकेनेच 20 फेब्रुवारी 2018 रोजी सांगितले की ऑगस्ट 2016 पासून स्विफ्टच्या गैरवापराबद्दल बँकांना किमान तीनदा सावध केले होते. प्रत्यक्षात भांडे फुटले ते एक अधिकारी मे 2017 मध्ये निवृत्त झाला, नवा माणूस खुर्चीवर बसला आणि त्याने तारण मागितले म्हणून. हिशेबाच्या कुठल्याही बेरजेने ते फुटले नाही.

दुसऱ्या जातीची चूक याहून वेगळी. इथे नोंद होते, रक्कमही बरोबर असते, पण नाव चुकते. कामठ्याच्या दुकानदाराने 40 हजारांचे येणे गोंदियाच्या मिलऐवजी आमगावच्या मिलच्या नावे टाकले तर तेरजेला काही फरक पडत नाही. वसुलीला गेल्यावर मात्र पडतो. नव्या वजनकाट्याचे 12 हजार हमालीच्या खात्यात टाकले, तर बेरीज तीच राहून वर्षाचा नफा तेवढ्याने कमी दिसतो आणि काटा मालमत्तेतून नाहीसा होतो.

नावाच्या या चुकीचे, म्हणजे ठरवून केलेल्या चुकीचे, मोठे रूप 2019 साली मुंबईतच दिसले. 23 सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येतील असे ठरले. भांडूपच्या या बँकेचे बहुतेक कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकले होते. आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलेल्या तक्रारीनुसार, त्या समूहाशी जोडलेली 44 कर्जखाती झाकण्यासाठी त्यांच्या जागी 21 हजार 49 बनावट खाती दाखवण्यात आली. बडी खाती तपासणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात, हजारो बारीक खाती गर्दीत लपतात. कर्जाची एकूण रक्कम तीच ठेवायची आणि फक्त ती कुणाकडे आहे ते बदलायचे, एवढेच काम. एकूण रकमेवर नजर ठेवणाऱ्याला यात खोट कुठे दिसणार? त्यासाठी कर्जदारांपैकी काहींना गाठून तुमच्याकडे इतके येणे आहे, खरे ना, असे विचारावे लागते. जो माणूसच नाही त्याच्याकडून उत्तर येत नाही.

तेरजेला हिणवायचा माझा हेतू नाही. हातवहीच्या काळात बेरजेची चूक हाच मोठा धोका होता आणि तिने तो चोख सांभाळला. आज संगणक एकतर्फी नोंद घेतच नाही, त्यामुळे तेरीज जवळपास आपोआप जुळते आणि तिची साक्ष आणखी हलकी होते. तरीही पतसंस्थांच्या आणि सोसायट्यांच्या सभांत ‘तेरीज जुळलेली आहे’ हे वाक्य असे उच्चारले जाते की पुढे कुणी बोलू नये.

रिझर्व्ह बँकेने 13 मार्च 2018 पासून आयातीच्या कर्जासाठी अशी हमीपत्रे देणेच बंद केले आणि स्विफ्ट कोअर बँकिंगला जोडण्यासाठी 30 एप्रिल 2018 ही मुदत दिली. हे मोठ्यांचे झाले. गावच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत बसणाऱ्याने इतकेच करावे: जुळलेल्या तेरजेबरोबर बँकेचा मूळ उतारा, गोदामातल्या मालाची प्रत्यक्ष मोजणी आणि येणेबाकीदारांची नावनिशीवार यादी मागावी, आणि त्या यादीतली दोन-चार नावे ओळखीची निघतात का ते स्वतः पाहावे.