विद्युत स्कूटरच्या बॅटरीवरील तापमानाचा परिणाम

विद्युत स्कूटरच्या बॅटरीवरील तापमानाचा परिणाम तीन प्रकारे दिसून येतो: एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर (पल्ला), चार्जिंगला लागणारा वेळ आणि बॅटरीचे आयुष्य. थंडीमुळे पल्ला कमी होतो आणि चार्जिंग मंदावते, परंतु हा परिणाम बहुतांशी तात्पुरता असून हवा उबदार झाल्यावर नाहीसा होतो. उष्णतेमुळे पल्ला सहसा घटत नाही. मात्र बॅटरीची क्षमता कायमची कमी होण्याचा वेग वाढतो. नाशिक जिल्ह्यात हे दोन्ही परिणाम एकाच वर्षात अनुभवास येतात.

## नाशिक जिल्ह्याचे हवामान

एप्रिल व मे महिन्यांत नाशिक शहराचे कमाल तापमान काही दिवस ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. मालेगावचा उन्हाळा त्याहून कडक असतो. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आल्यास शहराचे किमान तापमान १० अंशांच्या बरेच खाली उतरते. निफाड तालुका त्याहूनही थंड असतो व कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात नोंदवला जाणारा पारा काही वर्षी ५ अंशांखाली जातो. या काळातही दुपारचे तापमान मात्र २५ ते ३० अंशांपर्यंत चढते. हिवाळ्यातील सकाळ व दुपार यांतील हा फरक स्कूटरच्या पल्ल्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

## थंडीतील पल्ला

आजच्या बहुतेक विद्युत स्कूटरमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्या घटांमध्ये लिथियमचे आयन एका द्रावातून एका अग्राकडून दुसऱ्या अग्राकडे जातात. तापमान उतरले की हा द्राव दाट होतो, आयनांची हालचाल मंदावते आणि घटाचा अंतर्गत रोध वाढतो. त्यामुळे बॅटरीतील काही ऊर्जा आतच उष्णतेच्या रूपाने खर्च होते. शिवाय विद्युतदाब लवकर खाली येऊन स्कूटर वेळेआधीच बंद पडू शकते. अशा वेळी बॅटरीत शिल्लक राहिलेली ऊर्जा नष्ट झालेली नसते; घट उबदार झाल्यावर ती पुन्हा वापरता येते.

पल्ला घटण्याची आणखी दोन कारणे बॅटरीबाहेरची आहेत. थंड हवा अधिक घन असते. ६ अंश तापमानाची हवा २८ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के घन असल्याने तिचा अवरोधही तेवढाच वाढतो. दुसरे कारण टायरमधील हवेचे आहे. उन्हाळ्यात ४० अंशांवर ३० पीएसआय दाबाने भरलेल्या टायरचा दाब, हवा मुळीच गळाली नाही तरी, ८ अंशांवर सुमारे २५ पीएसआय होतो. टायर मऊ झाल्याने रस्त्याशी होणारे घर्षण वाढते.

उदाहरणार्थ, एका स्कूटरच्या बॅटरीतून ३ युनिट (३,००० वॉट-तास) वीज वापरता येते आणि सौम्य हवेत तिला दर किलोमीटरला ३० वॉट-तास लागतात असे मानल्यास तिचा पल्ला १०० किमी होतो. निफाडहून नाशिकला जाऊन परत येण्याचे अंतर ८० किमी धरू. पहाटे ६ अंशांवर वापरता येणारी वीज ७ टक्क्यांनी घटून २,७९० वॉट-तास झाली आणि खर्च दर किलोमीटरला ३३ वॉट-तास झाला, तर त्या स्थितीतील पल्ला सुमारे ८४ किमी भरतो. जाणे-येणे दोन्ही थंडीतच झाल्यास घरी पोहोचताना जेमतेम ४ ते ५ किमीची वीज उरते. परतीचा प्रवास दुपारच्या उबेत केल्यास मात्र एकूण खर्च २,५२० वॉट-तास होतो आणि घट उबदार झाल्याने सुमारे १५ किमीची वीज शिल्लक राहते.

## चार्जिंग

चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्राफाइटच्या अग्रात शिरतात. घट अतिथंड असताना ही क्रिया इतकी मंद होते, की आयन आत न शिरता पृष्ठभागावर धातुरूपाने साचू लागतात. थंडीमुळे होणारी ही हानी मात्र कायमची असते. ती टाळण्यासाठी बॅटरी व्यवस्थापन प्रणाली घटाचे तापमान शून्याजवळ आल्यास सहसा चार्जिंग बंद ठेवते व त्याच्या थोडे वर असल्यास विद्युतप्रवाह कमी करते. नाशिकमध्ये घट इतके थंड होण्याचे प्रसंग क्वचितच येतात. उघड्यावर रात्रभर उभ्या असलेल्या स्कूटरचे पहाटेचे चार्जिंग मंद झाल्यास, संध्याकाळी घरी परतल्यावर घट उबदार असतानाच चार्जिंग सुरू करणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

उन्हाळ्यात याच्या उलट अडचण येते. दुपारी चालवून आणलेल्या स्कूटरचे घट भोवतालच्या हवेपेक्षा अधिक तापलेले असतात. बहुतेक स्कूटरमध्ये ते थंड करण्याची वेगळी सोय नसल्याने ही उष्णता निवण्यास वेळ लागतो. घटांचे तापमान साधारणपणे ४५ अंशांच्या वर गेल्यास प्रणाली प्रवाह कमी करते किंवा थांबवते. ७५० वॉटच्या चार्जरने ३ युनिटची बॅटरी भरण्यास एरवी साडेचार ते पाच तास लागतात. तापलेल्या स्थितीत हाच वेळ लांबतो. स्कूटर तासभर सावलीत निवू दिल्यास, किंवा रात्री उशिरा चार्ज केल्यास, चार्जिंग अखंड होते.

## बॅटरीचे वार्धक्य

ग्राफाइटच्या अग्रावर एक पातळ संरक्षक थर असतो. काळानुसार तो जाड होत जातो व त्यात लिथियम कायमचे अडकते. स्कूटर न वापरताही ही क्रिया चालू राहते. स्थूलमानाने तापमान १० अंशांनी वाढल्यास तिचा वेग सुमारे दुप्पट होतो. बॅटरी पूर्ण भरलेली असताना घटाचा विद्युतदाब जास्त असल्याने हा वेग आणखी वाढतो. म्हणून मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पूर्ण भरून उभी ठेवलेली स्कूटर, एकही किलोमीटर न धावता, लवकर जुनी होते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे घट उष्णतेत तुलनेने अधिक टिकतात, पण थंडीत अधिक मंदावतात.

उष्णतेत अंतर्गत रोध कमी असल्याने बॅटरीची झीज सर्वाधिक वेगाने होत असतानाच पल्ला चांगला मिळतो. त्यामुळे ही हानी उन्हाळ्यात जाणवत नाही. ती डिसेंबरमध्ये थंडीच्या घटीत मिसळून दिसते आणि तिचा दोष केवळ थंडीला दिला जातो.

## घट तात्पुरती की कायमची

दोन्हींतील फरक ओळखण्यासाठी समान ऋतूंची तुलना करावी लागते. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनासह आणि टायरमध्ये तेवढाच दाब ठेवून यंदाच्या फेब्रुवारीत मिळालेला पल्ला गेल्या फेब्रुवारीतील पल्ल्याशी ताडून पाहिला जातो. हिवाळ्यात घटलेला पल्ला हवा तापू लागल्यावर परत आल्यास कारण थंडी होते; न आल्यास क्षमता खरोखरच कमी झालेली असते. मूळ क्षमतेच्या ७० ते ८० टक्के उरल्यावर बॅटरी स्कूटरसाठी जीर्ण मानण्याची प्रथा आहे.

## साठवण

उन्हाळ्याच्या सुट्टीत स्कूटर काही आठवडे उभी ठेवायची असल्यास बॅटरी ४० ते ६० टक्के भरलेली ठेवून ती सावलीत, हवेशीर जागी ठेवणे हितकारक असते. ज्या स्कूटरची बॅटरी काढता येते, तिच्या बाबतीत बॅटरी घरात ठेवल्याने मे महिन्यातील दुपारची उष्णता आणि निफाडची पहाट, दोन्ही टळतात. रोजच्या वापरात पूर्ण चार्जिंग निघण्याच्या थोडेच आधी संपेल अशी वेळ साधल्यास बॅटरी पूर्ण भरलेल्या स्थितीत दीर्घकाळ राहत नाही.